सव्वाशे मिलिमीटर जाडी आणि दोन मापांच्या सळ्या: एका छोट्या स्लॅबचा हिशेब

घराला लागून बांधलेल्या सामानाच्या खोलीवर स्लॅब टाकायचा होता. इंजिनीअरांनी एका पानात मावेल एवढा नकाशा दिला. स्लॅबची लांबी ३.६० मीटर, रुंदी २.७० मीटर, जाडी १२५ मिलिमीटर. आखूड बाजूला समांतर १० एमएमच्या सळ्या, दर १५० मिलिमीटरवर एक. लांब बाजूला समांतर ८ एमएमच्या, दर २०० मिलिमीटरवर एक. खालून २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीखालचा काँक्रीटचा थर. जाडी किती आणि कुठली सळी किती अंतरावर, हे ठरवणं त्यांचं काम होतं. ते खोलीच्या मापावर, भिंतींवर आणि वर येणाऱ्या वजनावर अवलंबून असतं, आणि त्यात मी हात घालणार नव्हते. माझ्याकडे उरलेलं काम साधं दिसत होतं: काँक्रीट किती लागेल आणि लोखंड किती आणायचं.

लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी हे शाळेतलं सूत्र. पण स्लॅबच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो की कुठली लांबी. खोलीच्या आतून टेप लावली तर ३.१४ मीटर आणि २.२४ मीटर भरत होते. भिंती २३० मिलिमीटरच्या, आणि स्लॅब भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाणार. म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंती धरून ३.६० आणि २.७०. आतल्या मापाने हिशेब केला असता तर घनफळ ०.८८ घनमीटर आलं असतं, बाहेरच्या मापाने ते १.२१५ घनमीटर येतं. पाव भागाहून जास्त माल भिंतींवरच बसतो. मोठ्या स्लॅबमध्ये हा हिस्सा कमी असतो; खोली जितकी लहान, तितका भिंतीवरचा भाग तुलनेने मोठा. त्यामुळे लहान कामात हे नकाशावरून आधी पक्कं करून घ्यावं लागतं.

सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्या-प्लेटांचा साचा, लागल्यावर मिस्त्रींनी त्यांच्या टेपने माप घेऊन फळीवर खडूने लिहिलं: ११.१०. म्हणजे ११ फूट १० इंच. हा टिंब फार घात करतो. कॅल्क्युलेटरमध्ये तो तसाच टाकला की यंत्र त्याला अकरा फूट आणि एका फुटाचा दहावा भाग समजतं, म्हणजे ३.३८ मीटर. खरं माप ११ पूर्णांक १०/१२ फूट, म्हणजे ११.८३ फूट, म्हणजे ३.६१ मीटर. एवढ्या एका टिंबाने आमच्या स्लॅबमधलं पंचाहत्तर लिटर काँक्रीट कागदावरून नाहीसं झालं असतं. मी मिस्त्रींना म्हटलं, "माप तुमचंच धरते, पण मी मीटरमध्ये लिहिते, चालेल ना?" ते म्हणाले, "ताई, तुम्ही मीटरमध्ये लिहा, मी फुटात वाचतो. फळी तर तीच आहे." तिथून पुढे प्रत्येक माप दोघांनी आपापल्या टेपने घ्यायचं आणि मीटरमध्ये आणून ताडून बघायचं, असं ठरलं.

चौकट काटकोनात आहे का, हे कर्ण मोजून कळतं. ३.६० आणि २.७० या बाजूंचा कर्ण बरोबर ४.५० मीटर येतो, कारण ही तीन मापं ३, ४, ५ च्या त्रिकोणाचीच नऊशे मिलिमीटरने गुणलेली रूपं आहेत. आमचे दोन कर्ण ४.४९ आणि ४.५१ भरले, म्हणजे छान. इथे एक गोष्ट मला कागदावर मांडून बघावीशी वाटली. दोन कर्णांत तब्बल दहा सेंटिमीटरचा फरक असता तर घनफळ किती बदललं असतं? उत्तर आलं अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. कर्णाचा काँक्रीटच्या मापाशी जवळपास संबंधच नाही. तो मोजायचा तो सळ्यांसाठी, कारण चौकट तिरकी असेल तर कडेची सळी भिंतीला समांतर राहत नाही आणि एका टोकाला कव्हर संपून जातं.

मग घनफळावर खरा परिणाम कशाचा होतो, हे मी तिन्ही मापांत एकेक सेंटिमीटरची चूक धरून तपासलं. मूळ हिशेब असा:

३.६० × २.७० × ०.१२५ = १.२१५ घनमीटर

लांबीत एक सेंटिमीटर वाढवला तर वाढ होते साडेतीन लिटरच्या आत. रुंदीत वाढवला तर साडेचार लिटर. जाडीत एक सेंटिमीटर वाढवला तर वाढ होते ९७ लिटर. टेपवरची चूक तेवढीच, पण तिसऱ्या मापात ती जवळपास तीसपट जड पडते, कारण १२५ मिलिमीटरमध्ये दहा मिलिमीटर म्हणजे आठ टक्के, आणि ३६०० मध्ये दहा म्हणजे काहीच नाही. आपण मात्र उलटं वागतो. लांबी-रुंदी दोन-दोनदा मोजतो आणि जाडी "पाच इंच" म्हणून सोडून देतो. पाच इंच म्हणजे मुळात १२७ मिलिमीटर, आणि साडेचार इंच म्हणजे ११४. बोलताना हे सगळं "साधारण पाच" असतं.

जाडी ही एक संख्या नसतेही. कडेच्या फळीची उंची १२५ असली तरी मधल्या प्लेटा त्याच पातळीवर असतील असं नाही. म्हणून समोरासमोरच्या कडफळ्यांच्या वरच्या काठावर दोरी ताणून धरली आणि दोरीपासून खालच्या प्लेटपर्यंत पट्टीने मोजत गेलो. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन जागा. पहिल्या ओळीत १२६, १३०, १२७. मधल्या ओळीत १३१, १३९, १३३. तिसऱ्या ओळीत १२८, १३४, १२९. बेरीज ११७७, भागिले नऊ, सरासरी १३१ मिलिमीटर. दोरी सैल पडली तर मधे जाडी खोटी कमी दिसते, म्हणून ती दोघांनी ताणून धरायची आणि पट्टी उभी, ओळंब्यात ठेवायची.

आता ३.६० × २.७० × ०.१३१ केलं तर १.२७३ घनमीटर. नकाशापेक्षा ५८ लिटर जास्त. ही जादा जाडी म्हणजे "स्लॅब जरा मजबूत झाला" असं कुणी म्हणेल, पण तसं नाही. एक घनमीटर सळीसकट काँक्रीट साधारण २५०० किलो असतं, म्हणजे हे अठ्ठावन्न लिटर १४५ किलोच्या आसपास वजन स्लॅबवर कायमचं ठेवून जातात. शिवाय त्या वजनाला धरणारं लोखंड तेवढंच राहतं. उलट बाजू याहून वाईट. जाडी १२५ ऐवजी ११० भरली तर वरच्या पृष्ठापासून खालच्या सळीच्या मध्यापर्यंतचं अंतर, ज्यावर स्लॅबची वाकण्याविरुद्धची ताकद चालते, ते १०० वरून ८५ मिलिमीटरवर येतं. जाडीत बारा टक्के घट, पण कामाच्या खोलीत पंधरा टक्के.

मधे १३९ का, ते शोधलं तर मधल्या दोन टेकूंखालची माती दबली होती. मिस्त्रींनी टेकूंखाली रुंद फळ्या सरकवल्या, पाचरी ठोकून प्लेटा उचलल्या, आणि आम्ही पुन्हा दोरी ताणली. आता सरासरी १२७ आली. ३.६० × २.७० × ०.१२७ म्हणजे १.२३४ घनमीटर. मालाची मागणी मी याच आकड्यावर केली, नकाशातल्या आकड्यावर नाही. सांडणं, मिक्सरला चिकटणं आणि ओतताना प्लेटा आणखी थोड्या दबणं, यासाठी पाच टक्के वर धरले. सळ्यांची जागा मात्र काँक्रीटमधून वजा केली नाही. आमच्या स्लॅबच्या जाळीचं लोखंड आठ लिटरची जागा घेतं. बाराशे लिटरमध्ये आठ लिटर सोडून देण्यासारखेच आहेत.

काँक्रीट जागेवर मिक्सरमध्ये होणार होतं, इंजिनीअरांनी सांगितलेलं प्रमाण १ : १.५ : ३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. इथे घनफळाचा दुसरा अर्थ समोर येतो. १.२३४ घनमीटर हे ओतून, ठोकून बसलेल्या काँक्रीटचं घनफळ. ढिगात पडलेल्या सुट्या मालाचं घनफळ त्याच्या साधारण १.५४ पट लागतं, कारण खडीच्या फटीत वाळू शिरते, वाळूच्या फटीत सिमेंट शिरतं आणि सगळं मिळून आक्रसतं. हा १.५४ अंदाजाचा, वापरून रुळलेला आकडा आहे. खडीचा आकार बदलला की तो थोडा इकडेतिकडे होतो.

मी हे पोत्यावरून मांडलं, कारण मिक्सरमध्ये माल एकेका पोत्याने जातो. ५० किलोच्या पोत्यात सुटं सिमेंट सुमारे ३५ लिटर. त्याला वाळू ५२ लिटर आणि खडी १०४ लिटर. एकूण सुटा माल १९१ लिटर, भागिले १.५४, म्हणजे एका पोत्यातून १२४ लिटर काँक्रीट. आमचा स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा. त्यामुळे एक पोतं म्हणजे जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर. हा योगायोग माझ्या फार कामी आला. १.२३४ भागिले ०.१२४ म्हणजे दहा पोती, पाच टक्के धरून साडेदहा, म्हणून अकरा मागवली.

वाळूबद्दल एक सांगायला हवं. ओलसर वाळू फुगते. कणांभोवतीचं पाण्याचं पातळ आवरण कणांना एकमेकांपासून दूर ठेवतं, आणि त्याच पेटीत खरी वाळू कमी बसते. एका उभ्या काचेच्या बरणीत ओलसर वाळू २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरली आणि पाणी ओतून ढवळून बसू दिली, तर ती १६० वर येऊन थांबली. चाळीस भागिले एकशेसाठ, म्हणजे पंचवीस टक्के फुगवटा. म्हणून वाळूची पेटी ५२ लिटरची न ठेवता ६५ लिटरची ठेवली. तसं केलं नसतं तर प्रत्येक खेपेला वाळू कमी पडली असती, पोत्यामागे काँक्रीटही कमी निघालं असतं, आणि सगळ्यांनी स्लॅबच्या मापाला दोष दिला असता.

आता लोखंड. कामावर सळीची मापं दोन भाषांत बोलली जातात. नकाशात ८, १०, १२, १६ एमएम. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अडीच सुती, तीन सुती, चार सुती, पाच सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. त्यामुळे तीन सुती म्हणजे काटेकोर बघितलं तर ९.५ मिलिमीटर, आणि आपण त्याला दहाची सळी समजतो. अमेरिकेतही सळीचे क्रमांक याच आठव्या भागावर आहेत. तिथली तीन नंबरची सळी म्हणजे तीन अष्टमांश इंच. लहान स्लॅबात जाळीसाठी ८ आणि १०, क्वचित १२ एवढीच मापं भेटतात. १६ आणि त्यापुढच्या सळ्या मुख्यतः तुळया, खांब आणि पाया यांत जातात. रिंगांसाठी ६ किंवा ८.

सळी लांबीने लागते आणि वजनाने विकत मिळते, म्हणून दोघांना जोडणारा आकडा हवा. तो असा: व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं. उत्तर येतं एका मीटरचं वजन किलोमध्ये. १६२ कुठून आला, ते मी स्वतः काढून बघितलं, कारण पाठ केलेला आकडा ऐन वेळी दगा देतो. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर. सळीच्या छेदाचं क्षेत्रफळ π भागिले चार गुणिले व्यासाचा वर्ग. मिलिमीटरचे मीटर करून दोन्ही गुणले की व्यासवर्गामागे ०.००६१६५ येतं, आणि त्याचा व्यस्त म्हणजे १६२. त्यावरून ८ ची सळी मीटरला ०.३९५ किलो, १० ची ०.६१७, १२ ची ०.८८९, १६ ची १.५८.

या आकड्यांत वर्ग लपलेला आहे, आणि जाडीसारखाच इथेही सगळ्यात छोटा आकडा सगळ्यात जास्त बोलतो. जाळी बांधणाऱ्या कारागिरांनी सुचवलं, "दहाची थोडी कमी पडली तर मधे आठची घालू, दोन एमएमचाच तर फरक." नजरेला तो दोन एमएमचाच आहे. पण आठचा वर्ग ६४ आणि दहाचा १००. त्या एका सळीत छत्तीस टक्के लोखंड कमी. दहाची सळी १५० वर असते तेव्हा मीटरभर रुंदीत ५२३ चौरस मिलिमीटर लोखंड येतं. तेवढंच आठच्या सळीने आणायचं तर ती ९६ मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ दीडपट दाट, बांधावी लागेल. बाराची घेतली तर २१६ वर चालेल असं नुसतं गणित म्हणतं. पण दोन सळ्यांमधल्या अंतराला, भेगांना आणि सळीच्या पकडीला स्वतःचे नियम आहेत, त्यामुळे गणित जमलं तरी बदल इंजिनीअरांना विचारूनच करायचा. आम्ही विचारलं, त्यांनी दहाच ठेवायला सांगितली.

मग मोजणी. प्रत्येक टोकाला २५ मिलिमीटर सोडून आखूड सळीची लांबी २.६५ मीटर. त्या लांब बाजूवर ओळीने मांडायच्या. मांडणीची जागा ३.५५ मीटर, भागिले ०.१५, म्हणजे २३.७. अंतर १५० च्या पुढे जाता कामा नये, म्हणून गाळे २४ धरायचे, आणि गाळ्यांपेक्षा सळ्या एकने जास्त. २५ सळ्या. हा "एक जास्त" विसरला की शेवटच्या भिंतीजवळ सळीच नसते, आणि मग कुणीतरी सगळ्याच सरकवून अंतर वाढवतं. २५ गुणिले २.६५ म्हणजे ६६.२५ मीटर, वजन ४०.९ किलो. दुसऱ्या दिशेला सळीची लांबी ३.५५, मांडणीची जागा २.६५, भागिले ०.२० म्हणजे १३.२५, गाळे १४, सळ्या १५. लांबी ५३.२५ मीटर, वजन २१ किलो. दोन्ही मिळून ६२ किलो.

पण ६२ किलो हा स्लॅबमध्ये जाणाऱ्या लोखंडाचा आकडा आहे, आणायच्या लोखंडाचा नाही. सळी बारा मीटरची येते. दहाच्या एका सळीतून २.६५ चे चार तुकडे निघतात, १.४० मीटर उरतं. सहा सळ्यांतून चोवीस तुकडे, आणि पंचविसाव्या तुकड्यासाठी सातवी सळी. उरलेले दोन तुकडे जोडून पंचविसावा करता येईल का, असा विचार मनात येतो. जोडावर दोन सळ्या एकमेकींवर पन्नास व्यास इतक्या चढवायच्या धरल्या, तर दहाच्या सळीला अर्धा मीटर जातो. १.४० आणि १.४० मिळून २.८०, त्यातून अर्धा मीटर गेला की २.३० उरतात. पुरत नाही. आठच्या सळीचं मात्र छान जमलं: ३.५५ चे तीन तुकडे, पाच सळ्यांत बरोबर पंधरा. म्हणजे आणायचं होतं दहाच्या सात आणि आठच्या पाच सळ्या, वजन ५२ आणि २४ किलो. उरलेले तुकडे वाया जात नाहीत. नकाशात कोपऱ्यांवर वरच्या बाजूला आखूड सळ्यांची छोटी जाळी दाखवली होती, ती आणि तिला आधार देणाऱ्या खुर्च्या या तुकड्यांतच निघाल्या. म्हणूनच कापायच्या आधी कापणीचा कागद तयार ठेवला होता. कापायला आधी लांब तुकडे, मग उरल्यातून आखूड.

सळी खरंच आठची आहे का, हे कसं कळणार? व्हर्निअरने बघितलं तर सळीच्या अंगावरचे उंचवटे फसवतात. दहाच्या सळीवर उंचवट्यांवर माप घेतलं की दहाच्या वर जातं, दोन उंचवट्यांच्या मधे घेतलं की दहाच्या खाली येतं, आणि दोन्ही खरी असतात. नाममात्र व्यास वजनावरून ठरतो. म्हणून बरोबर एक मीटरचा तुकडा कापून तोलायचा, ग्रॅममध्ये. आमच्या दहाच्या सळीचा तुकडा ६०२ ग्रॅम भरला. हिशेबाने ६१७, म्हणजे अडीच टक्के कमी. मानकं थोडी सूट देतात, देशागणिक आणि व्यासागणिक वेगळी, साधारण पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास, आणि बारीक सळीला जास्त. त्यात हे बसत होतं.

आठच्या सळीचा पहिला नमुना एका ठिकाणाहून आणला होता, तो भरला ३५२ ग्रॅम. हवे होते ३९५. अकरा टक्के तूट. सूत्र उलटं फिरवलं: ०.३५२ गुणिले १६२ म्हणजे ५७, त्याचं वर्गमूळ ७.५५. सळी आठची म्हणून विकली जात होती आणि लोखंड साडेसातच्या सळीचं होतं. वजनावर विकत घेताना पैशाचं नुकसान होत नाही, उलट त्याच वजनात लांबी जास्त मिळते, आणि म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही. नुकसान स्लॅबमध्ये होतं. तिथे आपण नग मोजून बांधतो, वजन करून नाही. ती सळी घेतली नाही. दुसऱ्या ठिकाणचा तुकडा ३८९ भरला, तो घेतला.

जाळी बांधताना खालच्या थरात दहाच्या, त्यावर आठच्या. आखूड दिशेला भार जास्त जातो, म्हणून तिथली सळी सर्वांत खाली, तळापासून वीस मिलिमीटरच्या कव्हर ब्लॉकवर. ब्लॉक दगडाच्या कपच्यांचे नकोत म्हणून आग्रह धरला. कपची घसरते आणि सळी प्लेटला टेकते, मग सगळी जाडी असूनही लोखंड उघडं पडतं.

स्लॅब ओतायच्या दिवशी लांब कडफळीच्या बरोबर मध्यावर, १.८० मीटरवर, लाल खूण केली. एक पोतं म्हणजे साधारण एक चौरस मीटर, आणि अर्धा स्लॅब ४.८६ चौरस मीटर, त्यामुळे पाचवं पोतं संपताना काँक्रीट खुणेपाशी यायला हवं होतं. शेवटी माल कमी पडला हे कळण्यात काही अर्थ नसतो. अर्ध्यावर कळलं तर पोती आणायला वेळ असतो आणि ओला सांधा सुकत नाही. पाचव्या पोत्याला काँक्रीट खुणेच्या अर्धी वीत अलीकडे थांबलं, दहा-बारा सेंटिमीटर. ते म्हणजे पस्तीस-चाळीस लिटर. मिक्सरच्या कोरड्या ड्रमला पहिल्या खेपेचा थोडा माल चिकटतोच, पण तेवढ्याने हे भरून निघत नव्हतं. मी १२५ मिलिमीटरवर खूण केलेली तार काँक्रीटमध्ये दोन-तीन जागी उभी खुपसून बघितली. कडेला खूण पृष्ठाशी होती, मधे तार पाच मिलिमीटर जास्त आत गेली. ओल्या मालाच्या वजनाने टेकू थोडे बसले होते.

मिस्त्रींनी विचारलं, "पाणी थोडं वाढवू का? माल पसरेल."

"पसरेल, पण वाढणार नाही," मी म्हणाले. "पाणी आहे तेवढंच राहू द्या. अकरा पोती आहेत आपल्याकडे."

त्यांनी एकाला खाली पाठवून मधल्या टेकूंच्या पाचरी बघायला सांगितल्या. त्या घट्ट होत्या, आणखी बसायची लक्षणं नव्हती. उरलेल्या अर्ध्यात सळीवर पाय पडून जाळी दबू नये म्हणून चालायला फळ्या टाकल्या आणि ओतणं पुढे चालू ठेवलं. दहावं पोतं संपलं तेव्हा दूरच्या भिंतीजवळ अर्ध्या चौरस मीटरचा पट्टा उरला होता. अकरावं पोतं फोडलं, पण मिक्सरमध्ये सगळं घातलं नाही. पोतं वजनकाट्यावर अर्धं केलं, वाळू आणि खडीही पेटी अर्धी भरून घेतली, आणि तेवढ्यात पट्टा भरून वर थापी फिरवायला थोडा माल शिल्लक राहिला. साडेदहा पोती गुणिले १२४ लिटर म्हणजे १.३० घनमीटर, ९.७२ ने भागलं तर सांडलवंड धरून सरासरी जाडी १३४ येते.

प्लेटा काढल्यावर कडेच्या चारही बाजूंना पट्टी लावली. कडेला जाडी १२४ ते १२८. खालून मधोमध दोरी ताणली तर पोट पाच-सहा मिलिमीटर खाली होतं, तारेने दाखवलं होतं तेवढंच. नकाशाच्या पानावर १२५ च्या शेजारी ही मापं लिहिली, सळ्यांच्या नोंदीशेजारी ६०२ आणि ३८९ ग्रॅम लिहिले, आणि एक प्रत इंजिनीअरांना दिली.